पत्त्यावरून देश ओळखूया : पिनकोड शहराच्या आधी की नंतर?



पत्रलेखन शिकवताना आपण मुलांना पत्त्याचा क्रम सांगतो. आधी नाव, मग घर, रस्ता, गाव, जिल्हा आणि शेवटी पिनकोड. मुलांना वाटतं, जगभर असंच लिहितात. तसं नसतं. पाकिटावरचं देशाचं नाव बोटाने झाकलं, तरी नुसत्या मांडणीवरून देश बऱ्याचदा ओळखता येतो.

खालचे तीन पत्ते फळ्यावर लिहा. तिन्ही खरे आहेत.

३५० फिफ्थ ॲव्हेन्यू
न्यूयॉर्क, एनवाय १०११८

प्लाट्झ डेर रिपब्लिक १
११०११ बर्लिन

५५ रू द्यू फोबूर सेंत-ऑनोरे
७५००८ पॅरिस

शहरांची नावं आपल्याला माहीत नाहीत असं समजू. तिन्ही कोड पाच अंकी आहेत, म्हणजे अंक मोजून काहीच कळणार नाही. १०११८ आणि ११०११ शेजारी ठेवले तर कोणता कुठला, हे कोण सांगणार? म्हणून अंक सोडा, जागा बघा.

पहिला प्रश्न : कोड शहराच्या आधी आहे की नंतर? नंतर असेल, आणि शहर व कोड यांच्यामध्ये दोन अक्षरांचं राज्याचं लघुरूप असेल, तर पत्ता बहुधा अमेरिकेचा. वरचा एनवाय म्हणजे न्यूयॉर्क राज्य. कोड शहराच्या आधी असेल, तर बहुधा ब्रिटन सोडून युरोपातला एखादा देश. ब्रिटनमध्ये कोड शहराच्या खाली स्वतंत्र ओळीत येतो आणि त्यात अक्षरं व अंक मिसळलेले असतात.

दुसरा प्रश्न : घरक्रमांक रस्त्याच्या आधी की नंतर? बर्लिनच्या पत्त्यात १ हा आकडा रस्त्याच्या नावानंतर आलाय, पॅरिसच्या पत्त्यात ५५ आधी आलाय. जर्मनी आणि फ्रान्स एकमेकांचे शेजारी, दोघांचे कोड पाच अंकी आणि दोघांचेही शहराच्या आधी. त्यांना वेगळं करतो तो एवढासा घरक्रमांक. मुलांना ही खूण सर्वांत जास्त आवडते, कारण एकदा दिसली की विसरत नाही.

आता मर्यादाही सांगायला हव्यात. इटली आणि स्पेनमध्येही कोड पाच अंकी, शहराच्या आधी, आणि घरक्रमांक रस्त्यानंतर. म्हणजे मांडणी जर्मनीसारखीच. इटलीत शहरानंतर बहुतेकदा प्रांताची दोन अक्षरं येतात (रोमसाठी आरएम), त्यावरून ती सुटते. स्पेन मात्र रस्त्याच्या भाषेवरूनच ओळखावा लागतो. ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड यांचे कोड चार अंकी, भाषाही पुष्कळदा जर्मनच. तिथे मांडणी पाहून पैज लावू नका! नेदरलँड्स सोपा : चार अंक, मग दोन अक्षरं, मग शहर.

सगळ्यात मजेशीर जपान. जपानी लिपीतल्या पत्त्यात सात अंकी कोड सर्वांत वर असतो. त्याच्या आधी एक खूण असते, इंग्रजी टी अक्षराच्या डोक्यावर आणखी एक आडवी रेघ दिल्यासारखी. मग प्रांत, शहर, विभाग, क्रमांक आणि सर्वांत शेवटी माणसाचं नाव. आपण लहानाकडून मोठ्याकडे जातो, ते मोठ्याकडून लहानाकडे येतात. पण हाच पत्ता रोमन लिपीत लिहिला की क्रम उलटतो आणि नाव वर येतं. त्यामुळे जपानी पत्ता बघताना आधी लिपी बघायची.

आपला पिनकोड गावानंतर येतो आणि सहा अंकी असतो. तो १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. त्यामागे टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर होते, म्हणजे आपलाच मराठी माणूस. वर्गात हे जरूर सांगा.

पालकांसाठी कामाची गोष्ट. नातेवाईक परदेशात असतात, आपण राखी किंवा दिवाळीचं पार्सल पाठवतो आणि पत्ता आपल्या सवयीने 'नीट' लावून लिहितो. ११०११ उचलून बर्लिनच्या मागे नेतो. तसं करू नका. आपल्याकडच्या टपालाला मुख्यतः देशाचं नाव लागतं. बाकीच्या ओळी तिकडे गेल्यावर तिथली यंत्रं आणि पोस्टमन वाचतात, आणि ते कोड त्यांच्या सवयीच्या जागी शोधतात. म्हणून आतला पत्ता त्यांनी पाठवला तसाच ओळीला ओळ उतरवा. देशाचं नाव मात्र सर्वांत खाली, वेगळ्या ओळीत, मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहा.