शेवटच्या दिवसापासून मागे मोजताना

अभ्यासाचे वेळापत्रक आपण बहुधा आजपासून पुढे आखतो. त्यामुळे पहिला धडा तीनदा वाचून होतो आणि सांख्यिकी, महत्त्वमापन हे शेवटचे धडे कोरे राहतात. आमच्या सातपूरच्या अभ्यासिकेत एका विद्यार्थिनीसाठी आम्ही हीच मोजणी उलटी करून पाहिली.

2025 साली दहावीची लेखी परीक्षा 21 फेब्रुवारीस सुरू झाली. 6 डिसेंबरला चैत्यभूमीचे दर्शन घेऊन परतल्यावर आम्ही कॅलेंडर घेऊन बसलो. 7 डिसेंबर ते 20 फेब्रुवारी असे 76 दिवस निघाले. त्यांतील शेवटचे 14 दिवस जुन्या प्रश्नपत्रिका व प्रात्यक्षिकांसाठी आधीच कापले. शाळेच्या पूर्वपरीक्षेचे 7 गेले. उरले 55. त्यांचे सात आठवडे केले आणि वरचे 6 दिवस कोणत्याही विषयाच्या नावावर न टाकता राखून ठेवले.

बीजगणिताची 6, भूमितीची 7 आणि विज्ञानाच्या दोन भागांची 20 मिळून 33 प्रकरणे. भाषा व समाजशास्त्रे पहाटेच्या वाचनाला ठेवली. परंतु 33 भागिले 7 असा सरळ भागाकार फसवा असतो. त्रिकोणमिती आणि अर्थनियोजन यांना सारखे दिवस पुरत नाहीत. म्हणून तिला जड वाटणारी 9 प्रकरणे दुप्पट धरली. एकूण 42 घरे झाली. आठवड्याला सहा, म्हणजे रोज एक घर. रविवार मोकळा, राहिलेले भरून काढण्यासाठी. वहीत रोजचा तास न लिहिता फक्त त्या आठवड्याची सहा घरे लिहिली. घर भरले असे केव्हा म्हणायचे? पुस्तक मिटून त्या प्रकरणाची उदाहरणे किंवा उत्तरे कोऱ्या कागदावर उतरली तरच. नुसते वाचन आम्ही धरले नाही, यावर तिची थोडी नाराजीही झाली!

तिसऱ्या आठवड्याअखेर 18 घरे हवी होती, भरली 13. वडिलांची कंपनीत रात्रपाळी लागली होती. एका खोलीचे घर. ते संध्याकाळी झोपत तेव्हा दिवा मालवावा लागे. रविवार धरूनही पाच घरे मागे पडली. ती म्हणाली, "सर, पुढच्या आठवड्यात अकरा करते." आम्ही नको म्हटले. रोज एकाची सवय असलेल्याने दोन धरली की दोन्ही अर्धवट राहतात, आणि पुढचा आठवडाही बुडतो. राखीव सहापैकी पाच दिवस तेथे खर्ची घातले, संध्याकाळची बैठक अभ्यासिकेत हलवली. हाताशी एकच राखीव दिवस उरला. तोही संपला असता तर शेवटच्या 14 दिवसांना हात न लावता, दुप्पट धरलेल्या एखाद्या प्रकरणाचे एक घर आम्ही कमी केले असते.

7 फेब्रुवारीपासून तिने घड्याळ लावून चाळीस गुणांची एकेक प्रश्नपत्रिका दोन तासांत सोडवायला घेतली. पहिल्याच भूमितीच्या पेपरात रचनेला पाऊण तास गेला. हे कळायला अजून तेरा दिवस हातात होते.