पिंपात किती लिटर? तीन मापं आणि एक लपलेलं गृहीतक

लाकडी पिंपाची तीन मापं तुमच्याकडे आहेत: टोकाच्या चकतीचा व्यास d, पोटाचा (म्हणजे मधल्या फुगीर भागाचा) व्यास D आणि लांबी L. आकारमान काढायचं आहे. शाळेतल्या सवयीने पहिला विचार येतो तो असा: दोन व्यासांची सरासरी घ्या आणि दंडगोलाचं सूत्र लावा. करून बघू. d = 50 सेमी, D = 60 सेमी, L = 80 सेमी, सगळी मापं आतली. सरासरी व्यास 55, म्हणून आकारमान सुमारे 190.1 लिटर.

हे उत्तर कमी आहे, आणि का ते हिशेब न करताही दिसतं. पिंपाची बाजू बाहेरच्या बाजूला वाकलेली असते. त्यामुळे टोक आणि मध्य यांच्यामधला व्यास बहुतेक ठिकाणी सरासरीपेक्षा जास्तच असतो. व्यास सरळ रेषेत 50 वरून 60 वर जातो असं धरलं, म्हणजे पिंप म्हणजे पायाला पाया जोडलेले दोन कापलेले शंकू असं मानलं, तरी 190.6 लिटरच येतात. खरं पिंप यापेक्षा मोठं असणार.

मग प्रचारात असलेलं सूत्र येतं:

```
V = (pi * L / 12) * (2*D^2 + d^2)
```

आपल्या पिंपासाठी कंसात 7200 + 2500 = 9700. त्याला 80 ने आणि π/12 ने गुणलं की 203.2 लिटर. दंडगोलाच्या उत्तरापेक्षा तब्बल 13 लिटर जास्त.

आता हे सूत्र कुठून आलं ते बघा, कारण त्याची मर्यादा तिथेच आहे. टोक, मध्य, टोक अशा तीन जागी आडवा छेद घ्या आणि छेदांच्या क्षेत्रफळांना 1, 4, 1 असं वजन देऊन L/6 ने गुणा. हा आपला सिम्प्सनचा नियम. जर्मनमध्ये मात्र याच नियमाला आजही केप्लरचा पिंप-नियम म्हणतात, आणि सिम्प्सनचा जन्मच केप्लरच्या मृत्यूनंतरचा आहे. छेदाचं क्षेत्रफळ लांबीनुसार वर्गाच्या किंवा घनाच्या बहुपदीप्रमाणे बदलत असेल तर हा नियम अचूक असतो. पिंपाची बाजू लंबवर्तुळाचा तुकडा असेल तर r² हे वर्गाचं बहुपद होतं, म्हणून वरचं सूत्र तंतोतंत बरोबर. पण बाजू पॅराबोला असेल तर r स्वतःच वर्गाचं बहुपद, r² चौथ्या घाताचं, आणि मग सूत्र बदलतं:

```
V = (pi * L / 60) * (8*D^2 + 4*D*d + 3*d^2)
```

याने 202.3 लिटर येतात. म्हणजे तीन मापांतून एकच आकारमान ठरत नाही. बाजूचा आकार तुम्ही गृहीत धरता, सूत्र तो मुकाट्याने वापरतं. या दोन सूत्रांतली वजाबाकी एकदा स्वतः करून बघा, फार सुटसुटीत निघते: πL(D − d)²/30. आपल्या पिंपात ती 0.84 लिटर, म्हणजे अर्ध्या टक्क्याहूनही कमी. लंबवर्तुळ की पॅराबोला यावर तासभर वाद घालण्यात अर्थ नाही.

अर्थ आहे तो मोजमापात. सूत्राचं D सापेक्ष अवकलन करा: πLD/3, म्हणजे पोटाच्या व्यासात 1 सेमी चुकलं तर सुमारे 5 लिटर चुकतात. टोकाच्या व्यासात 1 सेमीची चूक 2.1 लिटरची, लांबीतली 2.5 लिटरची. तेव्हा हात सांभाळायचा तो पोटावर. बाहेरून टेप गुंडाळून घेर मोजला, π ने भागलं आणि फळीची जाडी वजा करायला विसरलात, तर काय होतं? फळी 2.5 सेमी जाड असेल तर दोन्ही व्यास 5 सेमीने फुगतात, आणि लांबी तीच ठेवूनही उत्तर 240 लिटर येतं. 37 लिटर निव्वळ लाकूड! बूच बसवायचं भोक पोटावरच असतं, म्हणून तिथून सरळ काठी समोरच्या फळीपर्यंत घालून D आतून मोजणं सगळ्यात खात्रीचं. लांबीचंही तसंच: चकत्या फळ्यांच्या टोकाला नसतात, थोड्या आत खाचेत बसवलेल्या असतात. बाहेरच्या लांबीतून दोन्हीकडची ही खोली आणि चकत्यांची जाडी वजा करावी लागते.

काठीवरून केप्लरची गोष्ट सांगायलाच हवी. 1613 मध्ये लिंत्स शहरात त्याने घरी द्राक्षमद्याची पिंपं घेतली. विक्रेता बुचाच्या भोकातून काठी तिरकी घालायचा, ती टोकाच्या चकतीच्या खालच्या कडेला टेकवायचा आणि काठीची जेवढी लांबी ओली झाली तिच्यावरून किंमत सांगायचा. केप्लरला हे खटकलं. का, ते आपल्याच पिंपावर बघू. इथे तिरक्या काठीची लांबी √(55² + 40²), म्हणजे 68 सेमी. आता 110 सेमी लांब, D = 44 आणि d = 36 असं सडपातळ पिंप घ्या. काठी √(40² + 55²), पुन्हा 68. पण आकारमान फक्त 148.8 लिटर! काठी तीच, किंमत तीच, माल 54 लिटरने कमी.

तरीही ऑस्ट्रियातल्या विक्रेत्यांचं काम चाललं होतं, आणि केप्लरने त्याचं कारणही शोधलं. पिंपाला दंडगोल मानलं तर ठरावीक काठीसाठी सर्वाधिक आकारमान लांबी व्यासाच्या √2 पट असताना मिळतं. तिथली पिंपं या प्रमाणाच्या जवळ होती, आणि कमाल मूल्याच्या आसपास प्रमाण थोडं इकडेतिकडे झालं तरी आकारमान फारसं हलत नाही. या सगळ्यावरचं त्याचं पुस्तक 1615 मध्ये निघालं. कमाल बिंदूजवळ बदल मंदावतो ही गोष्ट कलनशास्त्राच्या आधी कोणीतरी पिंपात पाहिली, हे मला फार आवडतं.

राहिला प्रश्न बाजूच्या आकाराचा. तो गृहीत न धरता तपासता येतो का? येतो, एक माप वाढवून. टोक आणि मध्य यांच्या बरोबर मधोमध व्यास q मोजा (घेर घेऊन, जाडी वजा करून). लंबवर्तुळ असेल तर आपल्या पिंपात q 57.7 यायला हवा, पॅराबोला असेल तर 57.5. हा 2 मिमीचा फरक टेपला नीट कळणार नाही, पण तो फरक महत्त्वाचा नाही हे आपण पाहिलंच. समजा q = 57.0 आला. म्हणजे फळ्या टोकांकडे जवळजवळ सरळ आहेत आणि वाक मध्यात साठला आहे. मग पाच छेदांचा सिम्प्सन लावा:

```
V = (pi * L / 24) * (d^2 + 4*q^2 + D^2)
```

उत्तर 200.0 लिटर. तीन मापांच्या सूत्राने इथे 3.2 लिटर जास्त सांगितले होते. q मोजताना प्रत्येक जागी दोन काटकोनी दिशांनी व्यास घेता आला तर घ्या, कारण बराच काळ आडवं पडलेलं पिंप किंचित चपटं होऊ शकतं. घेर मोजून हा चपटेपणा कळत नाही. दोन व्यास वेगळे आले तर सूत्रात व्यासाच्या वर्गाऐवजी त्यांचा गुणाकार घाला.

आणि याहून नेमकं हवं असेल तर सूत्र बाजूला ठेवा. रिकामं पिंप तोला, पाणी भरा, पुन्हा तोला. पाण्याच्या प्रत्येक किलोला जवळपास एक लिटर. फक्त कोरडं पिंप थेट तोलू नका. सुकलेल्या फळ्यांच्या फटी गळतात आणि लाकूड पाणी पितं, म्हणून आधी एक दिवस पाणी भरून फुगू द्या, ओता, आणि मग रिकाम्या पिंपाचं वजन घ्या.