तुटक मेसेजला उत्तर देताना

आता एक प्रसंग घेऊ. रात्री मित्राचे लागोपाठ तीन मेसेज येतात. "बाबा गेले." "सकाळी चहा मागितला होता रे." "काही सुचत नाही." आपण पटकन काय लिहितो? "भावपूर्ण श्रद्धांजली. धीर धर." यात चूक काही नाही, पण हे कुणालाही पाठवता येतं. त्याचं आपण नीट वाचलं, हे त्यातून त्याला कळत नाही.

बघा, पहिला मेसेज बातमी देतो. दुसऱ्यात मात्र त्याच्या मनात अडकलेली गोष्ट आहे. उत्तर तिथून सुरू करायचं:

"वाचलं रे. सकाळी चहा मागितला आणि आता काका नाहीत, कसं सुचेल? माझ्या सायकलची चेन तेच बसवून द्यायचे. उद्या सातला डबा घेऊन येतो. आत्ता उत्तर देऊ नकोस."

"काही लागलं तर सांग" म्हटलं की काय लागेल हे शोधायचं काम त्याच्यावरच पडतं. सुतकाच्या घरी पहिल्या दिवशी बहुधा चूल पेटत नाही, म्हणून डबा. शेवटच्या वाक्याने उत्तराचं ओझंही उतरतं.

काकांची आठवण नसेल तर रचू नका. ते वाक्य गाळलं तरी चालतं. आणि तेराव्यानंतर माणसांची ये-जा थांबते, घर शांत होतं. तेव्हा पुन्हा एक मेसेज करा: "संध्याकाळी येऊ का?" एवढाच.