बेरजेत उलटणारा निकाल

दोन तालुक्यांची तुलना एकाच टक्केवारीवर केली, की फसगत होऊ शकते. उदाहरणापुरते काल्पनिक आकडे घेऊ. शहापूर आणि मुरबाडमध्ये प्रत्येकी 1,000 बालकांचे वजन केले. शहापुरात आदिवासी बालके 600, त्यांत कमी वजनाची 240, म्हणजे 40 टक्के. इतर 400 पैकी 80, म्हणजे 20 टक्के. मुरबाडला आदिवासी 300 पैकी 132 (44 टक्के), इतर 700 पैकी 154 (22 टक्के).

दोन्ही गटांत शहापूर सरस. पण एकूण प्रमाण? शहापूर 32 टक्के, मुरबाड 28.6!

फरक गटांच्या वाट्यामुळे पडतो. दोन्हीकडे वाटा निम्मा-निम्मा धरला, तर शहापूर 30 आणि मुरबाड 33 टक्के होते.

एडवर्ड सिम्पसन यांनी 1951मध्ये या विरोधाभासाची चर्चा केली. अमेरिकेतील बर्कली विद्यापीठात 1973मध्ये सुमारे 44 टक्के पुरुष अर्जदारांना, तर 35 टक्के महिलांना प्रवेश मिळाला. भेदभावाचा संशय आला. मात्र विभागवार पाहता ही तफावत टिकली नाही. प्रवेश अवघड असलेल्या विभागांत महिलांचे अर्ज जास्त होते.

म्हणून तालुक्याची टक्केवारी पुढे आली, की गटवार संख्याही मागावी.