टोमॅटोच्या चटणीच्या रीलखालचा मजकूर

रीलमध्ये टोमॅटो चिरताना दिसतो, तेलात जिरे तडतडतात, शेवटी वाटीत लालभडक चटणी येते. मीठ किती घातले, झाकण किती वेळ ठेवले आणि चटणी फ्रीजमध्ये किती दिवस टिकेल, या तीन गोष्टी मात्र कॅमेऱ्याला दाखवता येत नाहीत. त्या सांगण्याचे काम खालच्या कॅप्शनचे. सकाळी सातला गॅससमोर उभी असलेली बाई पुन्हा व्हिडिओ चालवत बसत नाही. ती कॅप्शन उघडून प्रमाण बघते आणि फोन ओट्यावर ठेवून देते. म्हणून मजकूर लिहायचा तो त्या क्षणासाठी.

इन्स्टाग्रामवर कॅप्शनला २,२०० अक्षरांची मर्यादा आहे. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी यांची मोजणी वेगळी होते, तरी एका चटणीला इतकी जागा पुरून उरते. खरी अडचण आहे ती सुरुवातीच्या ओळीची. रील चालू असताना कॅप्शनचा आरंभच तेवढा दिसतो, बाकीचा मजकूर बोट लावल्याशिवाय उघडत नाही. तरीही बहुतेक जण ही ओळ ‘नोकरी करणाऱ्या माझ्या सगळ्या मैत्रिणींसाठी खास’ अशा वाक्यात खर्ची घालतात. वाचणाऱ्या बाईला आपण नोकरी करतो हे ठाऊक असते. तिला हवे असते ते पदार्थाचे नाव, वेळ आणि तो डब्यात चालेल की नाही. ‘टोमॅटोची चटणी, १५ मिनिटांत, एकाच कढईत, डब्यासाठी’ एवढ्यात ते सगळे येते. शिवाय नाव पूर्ण लिहिलेले असले की शोधणाऱ्याला ती रील सापडण्याची शक्यता वाढते.

वेळेबाबत खरे लिहावे. ‘दोन मिनिटांत चटणी’ असे म्हणणाऱ्या रील पुष्कळ आहेत, पण टोमॅटोत सुमारे ९४ टक्के पाणी असते. त्यातले बरेचसे उडाल्याशिवाय चटणी होत नाही, होतो तो रस्सा. ४०० ग्रॅम टोमॅटो शिजून घट्ट व्हायला घरच्या गॅसवर दहा-बारा मिनिटे जातात. धुण्या-चिरण्याची दोन-तीन मिनिटे धरली की झाली पंधरा. यातला निम्मा वेळ कढईवर झाकण असते आणि शेजारच्या शेगडीवर पोळ्या होऊ शकतात. वेळेचा आकडा खोटा न करता एवढे सांगितले, तरी घाईतल्या बाईच्या ते उपयोगी पडते.

साहित्यात सगळ्यात मोठा घोटाळा ‘४ टोमॅटो’ या शब्दांत आहे. बाजारातला लांबट संकरित टोमॅटो गराने भरलेला आणि कमी आंबट, तर गावठी टोमॅटो रसाळ आणि चांगलाच आंबट. नगावर प्रमाण दिले तर एकीची चटणी घट्ट होते आणि दुसरीची पातळ. म्हणून नगासोबत वजन द्यावे आणि गूळ ‘चवीप्रमाणे’ न म्हणता आधी थोडा सांगून, गावठी टोमॅटो असल्यास वाढवायला सांगावे. चमच्याचेही तसेच आहे. छोटा म्हणजे चहाचा आणि मोठा म्हणजे जेवणाचा, हे एकदा लिहिले की प्रश्न मिटतो. शेंगदाण्याचा कूट यादीत ठळक असावा, कारण काही मुलांना शेंगदाण्याची ॲलर्जी असते.

आता कृती. कमी वेळात करायच्या चटणीत मिक्सर टाळलेला बरा. गरम टोमॅटो वाटायला घेतले तर वाफेने झाकण उडते, गार होईपर्यंत थांबायला वेळ नसतो आणि वर भांडे धुवावे लागते. पावभाजीच्या मॅशरने कढईतच ठेचले की काम होते. चटणी थोडी भरड राहते, पण पोळीवर पसरायला ती उलट बरी. लसूण आधी एकटी तेलात टाकली तर टोमॅटो चिरेपर्यंत करपते आणि सगळ्या चटणीला कडवटपणा येतो. अख्ख्या पाकळ्या टोमॅटोबरोबर घातल्या तर त्या वाफेवर मऊ होतात. मीठही तेव्हाच घालावे, म्हणजे टोमॅटोला लवकर पाणी सुटते. तिखट शेवटी घालावे. त्याआधी लहान मुलांसाठी दोन चमचे चटणी वेगळी काढता येते आणि दोन चटण्या कराव्या लागत नाहीत. लोखंडी किंवा ॲल्युमिनियमच्या कढईत टोमॅटोच्या आंबटपणामुळे धातूची चव उतरते, तेव्हा स्टीलची किंवा नॉनस्टिक कढई घ्यावी.

कृतीतल्या मिनिटांसोबत खूणही लिहावी, कारण प्रत्येकीच्या गॅसची आच वेगळी. इथली खूण सोपी आहे. कढईत कालथा ओढला की पडलेली वाट पाण्याने भरून येता कामा नये आणि कडेला तेल दिसू लागावे.

हे सगळे धरून कॅप्शन असे होते:

टोमॅटोची चटणी, १५ मिनिटांत, एकाच कढईत, डब्यासाठी.

साहित्य (साधारण दीड वाटी चटणी):
टोमॅटो ४०० ग्रॅम (मध्यम ४)
लसूण ६ पाकळ्या
तेल १ मोठा चमचा
जिरे अर्धा छोटा चमचा
मीठ पाऊण छोटा चमचा
शेंगदाण्याचा कूट २ मोठे चमचे
लाल तिखट १ छोटा चमचा
गूळ सुपारीएवढा (गावठी टोमॅटो असल्यास थोडा जास्त)
कोथिंबीर मूठभर
(छोटा चमचा चहाचा, मोठा जेवणाचा.)

कृती: तेलात जिरे तडतडू द्या. टोमॅटोचे दोन-दोन भाग करून कापलेली बाजू खाली ठेवा. लसूण आणि मीठ घालून झाकण ठेवा, मध्यम आच, ५-६ मिनिटे. झाकण काढून मॅशरने ठेचा आणि आणखी ५ मिनिटे आटवा. कालथ्याची वाट पाण्याने भरत नसेल तर झाले. कूट आणि गूळ मिसळा. मुलांसाठी चटणी वेगळी काढा, मग उरलेल्यात तिखट घाला. गॅस बंद करून कोथिंबीर घाला.

डब्यासाठी: पोळी आणि चटणी दोन्ही गार होऊ द्या. पोळीला आधी तुपाचा पातळ हात, मग चटणी, कडेला बोटभर जागा सोडून गुंडाळी.
टिकते: काचेच्या बरणीत, फ्रीजमध्ये ३ दिवस. चमचा कोरडा.

डब्याच्या सूचनेतली प्रत्येक गोष्ट पोळी ओली होऊ नये म्हणून आहे. गरम पोळीची वाफ बंद डब्यात पाणी होऊन परत पोळीवरच पडते. चटणीतला ओलावा पोळीत मुरतो, त्याला तूप बऱ्यापैकी अडवते. कूटही उरलेले पाणी शोषतो, म्हणून या चटणीत तो चवीपुरता नाही. कडेला जागा सोडली नाही तर गुंडाळी दाबली जाऊन चटणी डब्याला लागते. एवढे करूनही गुंडाळी चार-पाच तासांनंतर नरम पडते. दुपारी उशिरा जेवणाऱ्यांनी चटणी छोट्या डबीत वेगळी न्यावी आणि कॅप्शनमध्ये तेही एका ओळीत लिहावे.