मीटरवरचा शेवटचा आकडा

गावाकडे जेसीबी लावला की भाडं तासावर ठरतं आणि तास मोजले जातात ते मशीनच्या मीटरवर. बांध टाकायचा असो की पाइपलाइनची चर खणायची असो, ऑपरेटर आल्या आल्या शेतकऱ्याला केबिनजवळ बोलावतो आणि रीडिंग दाखवतो. काम संपल्यावर पुन्हा दाखवतो. दोन्ही आकडे वहीत किंवा चिठ्ठीवर लिहिले जातात, वजाबाकी होते आणि तिथेच, बांधावर उभ्या उभ्या, वादाला तोंड फुटतं.

एक हिशोब समोर ठेवू. सकाळी रीडिंग होतं ४३१२.६ आणि संध्याकाळी झालं ४३२०.१. फरक ७.५. भाडं ताशी अकराशे रुपये ठरलंय असं धरू. शेतकरी म्हणतो, "सात तास पाच मिनिटं झाली." त्याच्या हिशोबाने बिल सात हजार सातशे ब्याण्णवच्या आसपास. ऑपरेटर नवखा असेल तर तो म्हणतो, "नाही दादा, सात तास पन्नास मिनिटं," आणि आठ हजार सहाशे सतरा मागतो. दोघंही चुकलेले असतात. मशीन चाललं साडेसात तास, बिल आठ हजार दोनशे पन्नास. मीटर एकच, रीडिंग एकच आणि दोघांच्या आकड्यांत सव्वाआठशे रुपयांचा फरक.

मीटरवरचा शेवटचा आकडा बहुधा वेगळ्या रंगात असतो किंवा त्याच्या आधी टिंब असतं. तो मिनिटं दाखवत नाही, तासाचा दहावा भाग दाखवतो. तास साठ मिनिटांचा, म्हणून त्याचा दहावा भाग सहा मिनिटांचा. शेवटचं घर एकाने पुढे सरकलं की इंजिन सहा मिनिटं चाललं. एवढं एक लक्षात राहिलं की बाकी सगळं सहाच्या पाढ्यावर निघतं. टिंबापुढे ५ असेल तर पाच सक तीस, अर्धा तास. ८ असेल तर अठ्ठेचाळीस मिनिटं. १ म्हणजे सहा, ९ म्हणजे चोपन्न. टिंबापुढचा एक आकडा चोपन्न मिनिटांपलीकडे जाऊच शकत नाही, कारण त्यानंतर मीटर पुढचा पूर्ण तास दाखवतं.

टिंबापुढे दोन आकडे असतील, जसे काही कारखान्यांच्या हजेरीपत्रकात असतात, तर त्या दोन आकड्यांना ०.६ ने गुणायचं. ७.८५ मधले ८५ गुणिले ०.६ म्हणजे ५१, म्हणून सात तास एक्कावन्न मिनिटं. उत्तर बरोबर आलं की नाही हे ताडून पाहायला पावकीची सवय कामी येते. ७.२५ म्हणजे सव्वासात, ७.५० म्हणजे साडेसात, ७.७५ म्हणजे पावणेआठ. ७.८५ हे पावणेआठच्या थोडं पुढे आहे, त्यामुळे उत्तर पंचेचाळीस मिनिटांच्या थोडं पुढे यायला हवं. एक्कावन्न आलं, ठीक आहे. पंच्याऐंशी मिनिटं किंवा आठ मिनिटं आली असती तर लगेच संशय घ्यायला जागा होती.

घोटाळा होण्याचं कारण आपल्या डोळ्यांच्या सवयीत आहे. टिंबाचा असा दुहेरी वापर आपण रोज पाहतो. क्रिकेटच्या धावफलकावर ७.५ षटकं म्हणजे सात षटकं आणि पाच चेंडू, साडेसात षटकं नव्हेत. तिथे साडेसात षटकं ७.३ अशी लिहितात आणि निव्वळ धावगती काढताना तेच ७.३ पुन्हा ७.५ धरतात. घड्याळाची वेळही कित्येक जण ७.३० अशी टिंब देऊनच लिहितात. मग मीटरवरचं टिंब तेवढं वेगळ्या जातीचं आहे हे कुणी सांगितल्याशिवाय कसं कळणार?

ताडून पाहण्याचा दुसरा मार्ग मनगटावर असतो. आपल्या उदाहरणातलं मशीन सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी सुरू झालं आणि संध्याकाळी पाच पंचविसाला थांबलं, म्हणजे घड्याळाचे सव्वानऊ तास झाले. जेवणाला एक तास इंजिन बंद होतं, डिझेल आणायला आणि दगड हलवायला माणसं बोलावण्यात आणखी पाऊण तास गेला. सव्वानऊतून पावणेदोन वजा केले की साडेसात उरतात. मीटरशी जुळलं. बंद इंजिनाच्या वेळा जागच्या जागी लिहून ठेवल्या तर ही पडताळणी दोन मिनिटांत होते.

मीटरच्या मर्यादाही ठाऊक असलेल्या बऱ्या. शेवटचं घर सहा मिनिटांनी एकदाच सरकतं, त्यामुळे मधली मिनिटं दिसत नाहीत. सकाळी ४३१२.६ दिसत होतं तेव्हा ते घर नुकतंच सरकलेलं असेल किंवा पुढच्याच क्षणी सरकणार असेल. संध्याकाळच्या आकड्याचंही तसंच. म्हणून दोन रीडिंगमधला फरक खऱ्या वेळेपेक्षा जवळपास सहा मिनिटांनी इकडे किंवा तिकडे असू शकतो. दिवसभराच्या कामात ते खपून जातं. अर्ध्या तासाच्या कामात मात्र सहा मिनिटं म्हणजे पाचवा हिस्सा. एवढ्या छोट्या कामाला मीटर बघण्यापेक्षा आधीच उक्तं ठरवलेलं बरं, असं माझं मत. शिवाय मीटर इंजिन चालू असल्याचे तास मोजतं, खणल्याचे नाही. ऑपरेटर इंजिन चालू ठेवून फोनवर बोलत बसला तरी आकडा पुढे जातोच. बऱ्याच जुन्या ट्रॅक्टरांवरचं मीटर तर इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतं. ठरावीक गतीला त्याचा तास घड्याळाच्या तासाएवढा भरतो आणि त्याहून हळू चालणाऱ्या इंजिनावर तो सावकाश सरतो. तिथे मीटर आणि घड्याळ जुळलं नाही तर लगेच लबाडीचा आरोप करू नये.

आता उलटा प्रवास. काही मालक मीटर न बघता घड्याळ लावून काम करतात. चार तास चाळीस मिनिटं झाली की कॅल्क्युलेटरवर ४.४० दाबतात, अकराशेने गुणतात आणि चार हजार आठशे चाळीस रुपये घेऊन जातात. स्वतःच्याच खिशाला दोनशे त्र्याण्णव रुपयांची कात्री. चाळीस मिनिटांचे दशांश तास काढायला साठने भागायचं: ४० भागिले ६० म्हणजे ०.६६६७. म्हणून ४.६६६७ गुणिले ११००, बिल पाच हजार एकशे तेहतीस. मनातल्या मनात करायचं तर मिनिटांना सहाने भागावं. चाळीसला सहाने भागलं की साडेसहाच्या वर काहीतरी येतं, म्हणजे टिंबापुढे ६६ की ६७ यायला हवेत. अंदाजाला तेवढं पुरतं.

बेरजेत हीच चूक जास्त फसवी होते, कारण उत्तर दिसायला सरळ असतं. एका दिवशी तीन तास चाळीस मिनिटं आणि दुसऱ्या दिवशी दोन तास पस्तीस मिनिटं काम झालं. कॅल्क्युलेटरवर ३.४० अधिक २.३५ केलं की ५.७५ येतं. ५.७५ पाहून कुणीही पावणेसहा म्हणेल. खरी बेरीज मात्र अशी: चाळीस आणि पस्तीस मिळून पंच्याहत्तर मिनिटं, त्यातला एक तास हातचा, उरली पंधरा; तीन, दोन आणि हातचा एक मिळून सहा. म्हणजे सव्वासहा तास. अर्धा तास हवेत गेला आणि कुणाला पत्ताही लागला नाही. जुनी वही हाती आली तर एक खूण बघावी. टिंबापुढचे दोन आकडे पानभर कुठेही ५९ च्या वर गेलेले नसतील तर लिहिणाऱ्याने मिनिटं लिहिली असण्याची शक्यता मोठी. कुठे ७५, ८३, ९० दिसले तर ते दशांश तास आहेत, नाहीतर वर सांगितली तशी चुकीची बेरीज.

संगणकावर एक्सेलमध्ये हे काम सोपं होतं, पण सुरुवातीलाच एक खड्डा आहे. ७.३० असं टिंब देऊन टाकलं की एक्सेल तो साधा आकडा समजतं आणि शेवटचं शून्य गाळून ७.३ दाखवतं. पुढचा माणूस त्याला सात तास तीन मिनिटं म्हणेल किंवा सात तास अठरा मिनिटं. वेळ लिहायची असेल तर मध्ये विसर्गासारखे दोन ठिपके द्यावेत: 7:30. मग एक्सेल त्याला वेळ मानतं आणि आत मात्र दिवसाचा हिस्सा म्हणून, म्हणजे ०.३१२५ असं साठवतं. म्हणून तास काढायला चोवीसने गुणायचं आणि उलट जायला चोवीसने भागायचं:

```
=A2*24
=A2/24
```

पहिल्या सूत्राच्या उत्तराला साध्या आकड्याचं स्वरूप द्यावं, दुसऱ्याला `[h]:mm`. तो चौकोनी कंस विसरला की चोवीस तासांपुढची बेरीज गुंडाळली जाते. आठवड्याचे साडेबावन्न तास पडद्यावर 4:30 दिसतात आणि ठेकेदाराकडे मजूर भांडायला येतात. आधीच कुणी टिंब देऊन मिनिटं भरून ठेवली असतील तर अख्खी ओळ पुन्हा टाकायची गरज नाही:

```
=INT(A2)+MOD(A2,1)*100/60
```

७.३ ला हे सूत्र लावलं की ७.५ मिळतात.

राहिला प्रश्न वीस मिनिटांचा. साठाला तिनाने भाग जातो, दहाला जात नाही. त्यामुळे मिनिटांचा आकडा तिनाच्या पाढ्यातला असेल तरच त्याचा दशांश कुठेतरी संपतो: तीन मिनिटं ०.०५, सत्तावीस मिनिटं ०.४५. वीस मिनिटांचे मात्र ०.३३३ असे तीन चालूच राहतात. रोज सात तास वीस मिनिटं भरणाऱ्या माणसाचे सव्वीस दिवसांचे एकशे नव्वद तास चाळीस मिनिटं होतात. हजेरी लिहिणाऱ्याने रोज ७.३३ लिहिलं तर महिनाअखेर पाच मिनिटं कमी भरतात, ती कुणी मोजत बसत नाही. पण टिंबापुढे एकच आकडा ठेवून रोज ७.३ लिहिलं तर बावन्न मिनिटं बुडतात. म्हणून रोजची नोंद तास-मिनिटांतच ठेवावी, महिन्याची बेरीज तास-मिनिटांतच करावी आणि दर लावायच्या वेळी, एकदाच, साठने भागावं.