आजीचा शालू लाल नव्हताच!

आजीच्या लग्नाचा कृष्णधवल फोटो पार पिवळट पडलेला. संगणकावर त्यात रंग भरताना, शालू गडद दिसतो म्हणून मी तो लाल रंगवला. पण अशा फोटोत लाल आणि हिरवा एकाच करड्या छटेत उतरू शकतात! आजीने ट्रंकेतून शालू काढला, तर तो हिरवागार. वरची घडी विटलेली, म्हणून आतल्या घडीचा फोटो घेतला, खिडकीच्या उजेडात, शेजारी पांढरा कागद ठेवून. कागद पांढराच दिसेपर्यंत रंग सुधारला, मग Color मोडच्या लेयरमध्ये भरला. त्यामुळे निऱ्यांच्या सावल्या जशाच्या तशा राहिल्या. जरीचे काठ मात्र वेगळे रंगवावे लागले.

आजीने पडद्यावरच्या पदराला बोट लावलं. “इथेच हळद सांडली होती बघ,” म्हणाली.